रेषा संथ झाली तरी सिग्नल का थांबत नाहीत? अ‍ॅडाप्टिव्ह मूव्हिंग अ‍ॅव्हरेजबद्दल

प्रश्न: "डेली चार्टवर २० दिवसांचा ईएमए वापरत होतो. साइडवेज मार्केटमध्ये फार मार खाल्ला. कोणीतरी सांगितलं की कॉफमनची अ‍ॅडाप्टिव्ह मूव्हिंग अ‍ॅव्हरेज लाव, ती आपोआप संथ होते, व्हिपसॉ थांबतात. 10, 2, 30 अशी सेटिंग लावली. रेषा खरंच सपाट होते, पण किंमत तिला सारखी वर-खाली ओलांडतेच. हिरवी झाली की घे, लाल झाली की वीक असंही करून पाहिलं, तेच. सेटिंग काय ठेवू?"

उत्तर:

सेटिंगला हात लावू नका, ती ठीक आहे. रेषाही तिचं काम नीट करते आहे. अडचण आहे ती तुम्ही तिच्याकडून सिग्नल कसा घेता, यात. ईएमएसाठी वापरत होतात तोच नियम तुम्ही या रेषेला लावला आहे, आणि या नियमापुढे रेषेच्या संथपणाचा काहीच उपयोग होत नाही. असं का, हे कळायला सूत्राची शेवटची ओळ पुरेशी आहे:

```
KAMA = KAMA[1] + SC * (close - KAMA[1])
```

`KAMA[1]` म्हणजे कालची रेषा आणि `SC` म्हणजे वेगाचा गुणक. हा गुणक दररोज बदलतो, पण तो नेहमी शून्यापेक्षा जास्त आणि एकापेक्षा कमी असतो. आता बघा, आजचा बंद भाव कालच्या रेषेच्या वर असेल तर कंसातली संख्या धन, म्हणजे रेषा आज वर सरकणारच. गुणक ०.४ असला तर ठळक सरकेल, ०.००४ असला तर डोळ्यांना दिसणारही नाही इतकी सरकेल, पण दिशा वरचीच. भाव खाली असेल तर याच्या उलट. म्हणजे "किंमत रेषेच्या वर गेली" आणि "रेषा वर वळून हिरवी झाली" हे दोन वेगळे सिग्नल नाहीतच. एकच घटना दोन प्रकारे दाखवली जाते आहे. तुम्ही दोन्ही करून पाहिलेत आणि दोन्हीचा निकाल सारखा आला, तो यामुळे.

त्यातून पुढची गोष्ट निघते. मार्केट एका पट्ट्यात घुटमळत असताना रेषा त्या पट्ट्याच्या मध्यावर जवळजवळ गोठते, आणि भाव त्या मध्याच्या वर-खाली होत राहतो. मग ओलांडण्याची संख्या कमी कशाला होईल? या सरासरीत दिशेला महत्त्व नाही. रेषा *किती* सरकली, याला आहे. सगळी नवी माहिती तिथे साठवलेली आहे आणि तुमचा नियम नेमकी तीच वाचत नाही.

आता जरा मागे जाऊन, हा वेग कुठून येतो ते आकड्यांत पाहू, कारण पुढचा उपाय त्यातूनच निघतो.

पेरी कॉफमन यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत मांडली. तिच्या मुळाशी इफिशियन्सी रेशो आहे. दहा दिवसांपूर्वीचा भाव आणि आजचा भाव यांतला निव्वळ फरक घ्यायचा, आणि त्याला या दहा दिवसांत रोज झालेल्या हालचालींच्या बेरजेने भागायचं. दोन गावांमधलं सरळ अंतर आणि आपण प्रत्यक्ष चाललेलं अंतर यांचं हे गुणोत्तर आहे. सरळ गेलात तर १, फिरून फिरून तिथेच आलात तर ०. दिशा यात मोजली जात नाही. सरळ पडणाऱ्या शेअरचाही रेशो एकच्या जवळ येतो.

समजा एका शेअरचे बंद भाव असे आहेत: ५००, ५०४, ५०७, ५०६, ५११, ५१५, ५१४, ५१९, ५२३, ५२२, ५२७. निव्वळ चाल २७ रुपये. रोजच्या हालचालींची बेरीज, चढ-उतार दोन्ही धरून, ३३. रेशो ०.८२.

आता दुसरा शेअर: ५००, ५०६, ४९९, ५०५, ४९८, ५०४, ४९७, ५०३, ४९९, ५०५, ५०२. निव्वळ चाल फक्त २ रुपये, हालचालींची बेरीज ५८. रेशो ०.०३.

या रेशोवरून, म्हणजे `ER` वरून, गुणक असा काढतात:

```
SC = (ER * (2/3 - 2/31) + 2/31) ^ 2
```

२/३ हा दोन दिवसांच्या ईएमएचा गुणक, २/३१ हा तीस दिवसांच्या ईएमएचा. रेशो या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचं ते ठरवतो. पहिल्या शेअरला गुणक ०.३१ येतो. काल रेषा ५१७ वर असेल तर आज भाव आणि रेषा यांतलं दहा रुपयांचं अंतर आहे, आणि रेषा एका दिवसात ३ रुपये १० पैसे वर येते. दुसऱ्या शेअरला गुणक ०.००७. काल रेषा ५०१ वर असेल तर ती आज एक पैसाही हलत नाही.

सूत्रातल्या त्या वर्गाकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही. सेटिंगमध्ये 30 लिहिलं आहे म्हणून बहुतेकांना वाटतं की अगदी संथ झाली तरी रेषा तीस दिवसांच्या ईएमएसारखी वागेल. तसं नाही. २/३१ चा वर्ग ०.००४२ होतो, आणि तो सुमारे ४८० दिवसांच्या ईएमएचा गुणक आहे. म्हणजे रेशो शून्याजवळ गेला की रेषा संथ होत नाही, थांबते. दुसऱ्या टोकाला वर्गामुळे २/३ चं ०.४४ होतं, म्हणजे साधारण साडेतीन दिवसांचा ईएमए. मधले आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: रेशो ०.१ असताना रेषा साधारण १२८ दिवसांच्या ईएमएसारखी चालते, ०.३ असताना ३२ दिवसांच्या आणि ०.५ असताना १४ दिवसांच्या.

मग ०.३ हा रेशो चांगला की वाईट? इथे एक मोजमाप हाताशी ठेवा. भाव निव्वळ यादृच्छिक हलत असेल, रोज नाणेफेक करून वर-खाली जावा तसा, तर `n` दिवसांचा रेशो सरासरी १ भागिले `n` चं वर्गमूळ याच्या आसपास येतो. दहा दिवसांसाठी सुमारे ०.३२. म्हणून दहाच्या सेटिंगवर ०.३ दिसला तर त्यात ट्रेंड नाही आणि खास चॉप, म्हणजे एका पट्ट्यातली घुसळण, हीही नाही, मार्केट नुसतं मार्केटसारखं हलतं आहे, आणि रेषा तेव्हा तीसेक दिवसांच्या ईएमएसारखी चालते. ०.१ च्या खाली रेशो टिकून राहिला तर मात्र भाव खरोखर मागे-मागे ओढला जातो आहे. रेशो ०.३ च्या वर गेला की ट्रेंड सुरू झाला, असं अनेक जण धरतात. दहा दिवसांच्या खिडकीत त्यातून काहीच कळत नाही.

आता दुसऱ्या शेअरकडे परत येऊ, कारण तुमचं दुखणं तिथेच आहे. रेषा ५०१ वर गोठलेली धरा. पहिला बंद ५००, म्हणजे खाली. मग ५०६ वर, ४९९ खाली, ५०५ वर, असं करत दहा दिवसांत भाव रेषेला नऊ वेळा ओलांडतो. ओलांडलं की उलट सौदा असा नियम लावला तर: ५०६ ला घेतला, ४९९ ला उलटला, सात रुपये गेले. ४९९ ला विकला, ५०५ ला उलटला, सहा गेले. शेवटची ५०५ ची खरेदी उघडी धरून त्याआधीच्या आठ सौद्यांत शेअरमागे ४९ रुपये जातात, ब्रोकरेज आणि कर वेगळे. खरं मार्केट इतकं आखीव करवतीसारखं हलत नाही. पण पट्टा रुंद असो वा अरुंद, गोठलेल्या रेषेपाशी असंच होतं.

यावर कॉफमन यांनी मुळातच एक गाळणी दिली होती, आणि बहुतेक चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये रेषा येते पण गाळणी येत नाही. रेषेच्या रोजच्या सरकण्याचं गेल्या वीसेक दिवसांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं, त्याचा ठरावीक हिस्सा घ्यायचा, आणि रेषा तिच्या अलीकडच्या तळापासून तेवढ्यापेक्षा जास्त वर आली तरच खरेदी मानायची. विक्रीला अलीकडच्या शिखरापासून तेवढीच खाली. म्हणजे नियम दिशेवरून अंतरावर आला.

कल्पना अचूक आहे, पण लांबलेल्या साइडवेजमध्ये ती एका ठिकाणी कमी पडते. रेषा वीस दिवस दोन-चार पैशांनीच हलत राहिली की स्टँडर्ड डेव्हिएशनही दोन-चार पैशांचं होतं. त्याचे दहा टक्के म्हणजे पैशाचा अंश. ज्या दिवसांत गाळणी सर्वांत घट्ट हवी, त्याच दिवसांत ती सर्वांत सैल होते. ट्रेंड संपून नुकताच चॉप सुरू झाला असेल तेव्हा ती छान चालते, कारण ट्रेंडमधली मोठी सरकणी अजून हिशोबात असतात. तीन आठवड्यांनंतर तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

म्हणून मी गाळणी रेषेच्या हालचालीवर बेतत नाही, भावाच्या हालचालीवर बेततो. त्यासाठी वेगळं काही मोजावं लागत नाही. रेशोचा छेद म्हणजे दहा दिवसांच्या हालचालींची बेरीज आधीच आपल्या हातात आहे. तिला दहाने भागलं की रोजची सरासरी हालचाल मिळते. चॉपमध्ये रेषा थिजते, पण भावाची हालचाल थिजत नाही, उलट पुष्कळदा वाढते. तेव्हा गाळणी आपोआप घट्ट राहते. मी या सरासरी हालचालीचा पाचवा हिस्सा घेतो. रेषा तळापासून तेवढी वर आली की खरेदीचा विचार.

आपल्या दुसऱ्या शेअरला सरासरी हालचाल ५ रुपये ८० पैसे, तिचा पाचवा हिस्सा १ रुपया १६ पैसे. चॉपमध्ये रेषा दिवसाला फार तर चार-पाच पैसे हलते, तीही एक दिवस वर, एक दिवस खाली. ते नऊच्या नऊ सिग्नल गेले.

आता समजा ५०२ नंतर भाव खरंच सुटला: ५०९, ५१३, ५१७, ५२०. दिवसागणिक बघू.

५०९ ला बंद झाला त्या दिवशी रेशो जेमतेम ०.०५. रेषा ५०१.०७. ईएमएवाला आत, आपण बाहेर.

५१३ ला रेशो ०.२५ झाला, रेषा ५०१.६२. तळापासून ६२ पैसे. अजून नाही.

५१७ ला रेषा ५०२.२३, तळापासून १ रुपया २३ पैसे. तोवर सरासरी हालचाल ५.४० वर आली आहे, म्हणजे अट १ रुपया ८ पैशांची. सिग्नल आला.

५२० ला रेशो ०.४४ आणि रेषा एकदम ५०४.१६. इथून ती पळू लागते.

मधल्या दिवशी एक बारीक गोष्ट घडली आहे. भाव ५१३ वरून ५१७ वर गेला, पण रेशो ०.२५ वरून ०.२२ वर आला. कारण खिडकीच्या मागच्या टोकाला ४९९ चा दिवस सुटला आणि ५०५ चा दिवस आला, म्हणून निव्वळ चाल १४ वरून १२ झाली. आज काही वाईट घडलं नाही, दहा दिवसांपूर्वीचं काहीतरी हिशोबातून गेलं. रेशो एका दिवसात का पडला हे कळलं नाही की आधी खिडकीची शेपटी बघायची सवय लावा.

हिशोब काय झाला? ओलांडण्याच्या नियमाने तुम्ही शेवटी ५०५ ला आत होता, गाळणीने ५१७ ला आत आलात. बारा रुपये उशिराची किंमत. त्याच्या बदल्यात ४९ रुपयांचे आठ सौदे टळले. ही पद्धत असाच सौदा करते: सुरुवात सोडून देते आणि मधली घुसळण वाचवते. तुमच्या शेअरमध्ये घुसळण थोडी आणि धावा लहान असतील, तर हाच सौदा तोट्यातही जाईल. निफ्टीसारख्या निर्देशांकात आणि एखाद्या मिडकॅप शेअरमध्ये फरक पडतो, आणि पाचवा हिस्सा ही माझी सवय आहे, नियम नव्हे. तुमच्या डेटावर दहावा ते तिसरा हिस्सा असं फिरवून बघा. निकाल त्या पट्ट्यात हळूहळू बदलत असेल तर ठीक. एका आकड्यावर उत्तम आणि शेजारच्या आकड्यावर भिकार दिसला तर तो योगायोग समजा.

आता बाहेर पडण्याबद्दल. तुम्ही ते विचारलं नाही, पण ही रेषा वापरणाऱ्यांचे पैसे खरे तर इथे जातात.

पहिला शेअर आठवा, ५०० वरून सरळ ५२७. रेषा ५२०.१०. आता समजा तो तिथून रोज पाच रुपयांनी पडू लागला: ५२२, ५१७, ५१२, ५०७, ५०२. एवढ्या सरळ पडझडीत रेशो मोठा असायला हवा, पण दहा दिवसांच्या खिडकीत अजून चढाचे दिवस आहेत. चढ आणि उतार एकमेकांना खातात, निव्वळ चाल शून्याकडे येते. रेशो ०.५३, ०.२८, ०.१५, ०.१० असा घसरत जातो. भाव कोसळतो आहे आणि रेषा मात्र चॉप समजून ५२० वर गोठते. पाचव्या दिवशी भाव ५०२ ला आल्यावर रेशो पुन्हा ०.३२ होतो, रेषा ५१८.६ वर येते आणि गाळणीने विक्रीचा सिग्नल मिळतो. पंचवीस रुपये गेल्यावर. जवळजवळ सगळी चाल परत दिली.

हा दोष सेटिंगने जात नाही, तो रेशोच्या बांधणीतच आहे. टोकदार उलटणं आणि चॉप हे दोन्ही त्याला काही दिवस सारखेच दिसतात. म्हणून आत जायला रेषेचं सरकणं वापरा, बाहेर पडायला भाव रेषेपासून किती दूर गेला ते वापरा. माझा नियम साधा आहे: बंद भाव रेषेच्या खाली एका दिवसाच्या सरासरी हालचालीइतका गेला की बाहेर. वरच्या उदाहरणात ५१७ ला भाव रेषेच्या ३ रुपये २० पैसे खाली आहे आणि सरासरी हालचाल ३.६०, अजून थांबायचं. ५१२ ला अंतर आठ रुपये आणि सरासरी हालचाल चार. बाहेर. ५०२ ऐवजी ५१२ ला सुटका झाली. याच नियमाने चॉपमध्ये तुम्ही लवकर बाहेर फेकले जाल, पण त्याने बिघडत नाही, कारण पुन्हा आत यायला गाळणी पार करावी लागते. उलट सौदा लगेच होत नाही.

एक अपवाद. चॉपमधून नुकतेच आत आला असाल तेव्हा रेषा फार मागे असते. ५१७ ला खरेदी, रेषा ५०२ वर. त्या दिवशी रेषेवरून स्टॉप काढला तर तो वीस रुपये खाली ४९७ च्या आसपास जाईल. तितकी जोखीम घ्यायचं कारण नाही. रेषा जवळ येईपर्यंत जुन्या पट्ट्याच्या वरच्या कडेखाली, इथे ५०६ च्या खाली, स्टॉप ठेवा. सुटलेला भाव पुन्हा पट्ट्यात आला तर सुटण्याला अर्थच उरत नाही.

रेशोला चॉप कुठला दिसतो आणि कुठला दिसत नाही, हेही सांगतो. वरच्या उदाहरणात भाव रोज उलटत होता. झोके खिडकीपेक्षा खूप लहान असले की रेशो ते अचूक पकडतो. पण पट्ट्यात भाव आठ-दहा दिवस वर, मग आठ-दहा दिवस खाली असा हलत असेल, तर प्रत्येक झोका दहा दिवसांच्या रेशोला ट्रेंडच वाटतो. रेषा वेग घेते, गाळणी पार होते आणि तुम्ही पट्ट्याच्या वरच्या कडेवर खरेदी करता. चार्टवर रेषा सपाट न दिसता हळूहळू लाटांसारखी हलताना दिसली, तर हेच चाललं आहे असं समजा.

तिथे खिडकी वाढवून वीस करण्याचा मोह होतो. करायला हरकत नाही, पण वर सांगितलेलं वर्गमूळ विसरू नका. वीस दिवसांत निव्वळ यादृच्छिक भावाचा रेशोही ०.२२ वर येतो, आणि गुणक वर्गाने कमी होतो. म्हणजे खिडकी बदलली की रेषाही खूप संथ होते, तुम्हाला हवं असो वा नसो. त्याची भरपाई 30 च्या जागी लहान आकडा ठेवून करावी लागते.

पायथॉनमध्ये बॅकटेस्ट करत असाल तर याचीच एक चोरवाट आहे. `talib.KAMA(close)` असं नुसतं लिहिलं तर टीए-लिब खिडकी ३० ची धरते. 2 आणि 30 हे आकडे तिथे आतच ठरलेले आहेत, तुम्ही देता तो `timeperiod` हा रेशोचा असतो. तीस दिवसांत सामान्य रेशो ०.१८ च्या आसपास, आणि रेषा ६६ दिवसांच्या ईएमएसारखी. चार्टवरची रेषा आणि कोडमधली रेषा जुळत नसेल तर पहिल्यांदा `timeperiod=10` दिलंय का ते बघा. स्वतः लिहायचं असेल तर एवढंच लागतं:

```python
n = 10
net  = close.diff(n).abs()
path = close.diff().abs().rolling(n).sum()
er   = (net / path).where(path > 0, 0.0)
sc   = (er * (2/3 - 2/31) + 2/31) ** 2
kama = close.astype(float).copy()
for i in range(n, len(close)):
    kama.iloc[i] = kama.iloc[i-1] + sc.iloc[i] * (close.iloc[i] - kama.iloc[i-1])
band = 0.2 * path / n
```

`where` ची अट काढू नका. व्यवहार नसलेल्या शेअरमध्ये दहा दिवस एकच भाव राहिला तर छेद शून्य होतो, रेशो `NaN` येतो, आणि रेषा कालच्या स्वतःवर उभी असल्यामुळे त्यापुढे कायमची `NaN` राहते. दुसरं, रेषेची स्मृती लांब आहे, त्यामुळे सुरुवात कुठून केली याचा परिणाम बराच काळ टिकतो. मोजायला हवं त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं तरी डेटात असू द्या, आणि भाव बोनस-स्प्लिटसाठी समायोजित केलेले हवेत.

तो शेवटचा मुद्दा गॅपशी जोडलेला आहे, आणि ही पद्धत कधी पाच मिनिटांच्या चार्टवर नेलीत तर तो नक्की आडवा येईल. एका मोठ्या उडीने रेशो दहा बारपर्यंत फुगलेला राहतो, कारण ती उडी निव्वळ चालीतही येते आणि बेरजेतही, आणि बाकीच्या हालचाली तिच्यापुढे किरकोळ ठरतात. समायोजन न केलेल्या स्प्लिटच्या दिवशी रेषा खोट्या भावामागे धावते ती यामुळेच. एनएसईवर सकाळी सव्वानऊला निफ्टी दीडशे अंकांनी वर उघडला आणि तिथेच घुटमळत राहिला, तरी पाच मिनिटांच्या चार्टवर १०:०५ पर्यंत रेशो उंचच दिसेल, रेषा वेगाने वर येऊन भावाला चिकटेल, आणि १०:१० ला बंद होणाऱ्या बारला गॅप खिडकीतून सुटला की रेशो एकदम कोसळेल. त्या पन्नास मिनिटांतला ट्रेंड हा दिवस सुरू होण्याआधीच झालेला असतो. इंट्राडेला पहिल्या बारची हालचाल कालच्या बंदपासून न मोजता त्याच बारच्या ओपनपासून मोजा. `path` आणि `net` दोन्हींत `abs()` घेण्याआधीच्या फरकातून गॅप तेवढाच, चिन्हासकट, वजा करायचा. डेली चार्टवर मात्र गॅप काढू नका. तिथे तिमाही निकालांची उडी ही खरी चाल असते आणि रेषेने तिच्यामागे जायलाच हवं.

तुम्ही डेलीवर आहात, तेव्हा सुरुवात अशी करा. ज्या साइडवेजमध्ये मार खाल्लात त्याच महिन्यांचा डेटा घ्या, `er`, `kama` आणि `band` असे तीन स्तंभ काढा, आणि तुमच्या प्रत्येक जुन्या सौद्यासमोर त्या दिवशी रेषा तळापासून किंवा शिखरापासून किती हलली होती ते लिहा. ज्या सौद्यांत ती `band` पेक्षा कमी हलली होती ते वेगळे काढा आणि त्यांचा एकूण तोटा जोडा. मग उरलेल्या सौद्यांत उशिरा आत आल्याने किती गेलं ते जोडा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा ठळकपणे मोठा निघाला तरच ही गाळणी तुमच्या शेअरला लागू आहे. दोन्ही जवळपास सारखे निघाले, तर तुमच्या पट्ट्यातले झोके बहुधा खिडकीएवढे लांब आहेत, आणि मग `n` वीस करून हाच तक्ता पुन्हा काढा.